आजींच्या हातातला कागद

प्रिय बाळ,

दादाच्या लग्नात आजींनी म्हणायच्या आशीर्वादाची तुझी तीन पानं मिळाली. शेवटी पेन्सिलीनं लिहिलेली ओळही वाचली, ‘बाई, कुणालाच दुखवायचं नाहीये, म्हणून एवढं लांबलं.’ एकेकाला सांभाळायला गेलं की असंच होतं. वहिनीच्या घरच्यांसाठी येशू आला, मग आजींसाठी विठ्ठल आला, दादाच्या मित्रांसाठी बुद्ध आला. त्यातले दोघे देव मानत नाहीत हे आठवलं, म्हणून शेवटी ‘निसर्गशक्ती’ही आली. यादी कितीही वाढव, तिच्यात न बसणारा कुणीतरी पहिल्या रांगेत बसलेला असणारच.

भटजी नाहीत, फादर नाहीत, आजीच दोन शब्द बोलेल आणि अक्षता पडतील, हे दादा-वहिनीनं ठरवलं ते मला मनापासून आवडलं. आता ते दोन शब्द दोनच राहतील एवढं तुला बघायचं आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर. आशीर्वादात सांगायचं नसतं, मागायचं असतं. तुझ्या कागदावरचं प्रत्येक क्रियापद अधोरेखित कर आणि ‘लाभो’, ‘राहो’, ‘मिळो’ एका बाजूला ठेव. ‘पाहिजे’, ‘राखावा’, ‘विसरू नका’, ‘लक्षात ठेवा’ असेल ती ओळ सरळ काट. मी तुझ्या पहिल्या पानावर हे करून पाहिलं. जेमतेम चार ओळी उरल्या आणि त्या चारही चांगल्या आहेत.

‘संसार म्हणजे तडजोड’ ही ओळ तर आधी काट. ती ऐकताना मांडवातला प्रत्येक नवरा बायकोकडे बघून हसतो आणि ज्यांचा संसार मोडलाय ते खाली बघतात. ‘मुलीनं दोन्ही घरांचा मान राखावा’ हे तू लिहिलंस? तू? मुलानं काय करावं याबद्दल कागदावर अवाक्षर नाही. तिथे ‘दोघांनी’ घालून भागणार नाही, कारण ते तरीही सांगणंच आहे. आणि ‘सुनेला समजूतदारपणा लाभो’ असं लिहून मला फसवू नकोस. क्रियापद मागण्याचं असलं तरी आत उपदेशच आहे. ‘लवकरच गोड बातमी मिळो’ हेही काढ. त्यांना मूल हवंय का, कधी हवंय, हे तीनशे लोकांसमोर मागायची गोष्ट नाही. शिवाय त्या तीनशेंत वर्षानुवर्षं दवाखान्याच्या पायऱ्या झिजवणारं एखादं जोडपं असतंच.

‘दोन धर्मांचा संगम’ही नको. वहिनी वसईची ख्रिस्ती आहे हे सगळ्यांना माहीत आहे. ते माइकवरून सांगितलं की त्या दोघांचं लग्न बाजूला राहतं आणि आपण किती मोठ्या मनाचे, हे पुढे येतं.

देवाचं काय, हा तुझा खरा प्रश्न. तू म्हणतेस, सर्वांना चालावं म्हणून देवाचं नावच काढते. आजींच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. त्यांनी विठ्ठलाचं नाव न घेता आशीर्वाद दिला तर तो त्यांचा वाटणारच नाही, कुणीतरी लिहून दिलेला वाटेल. त्यांना त्यांच्या विठ्ठलाजवळ मागू दे, फक्त ‘मी’ म्हणून. ‘आपण सर्व त्या परमेश्वराला शरण जाऊ’ म्हटलं की तीनशे माणसांना त्यांनी आपल्या रांगेत उभं केलं. ‘मी माझ्या विठ्ठलाजवळ मागते, तुम्ही आपापल्या मनात मागा’ म्हटलं की वसईची मावशी मनात मेरीमातेला हाक मारील, दादाचा नास्तिक मित्र नुसता दोघांकडे बघून हसेल, आणि कुणाला अवघडल्यासारखं होणार नाही.

दुसऱ्या पानावरचं ‘आता मी या दोघांना पती-पत्नी म्हणून घोषित करते’ हे सिनेमातलं आहे. ते काम आजींचं नाही. विशेष विवाह कायदा, १९५४ काय म्हणतो ते दादाला विचार, तो त्यातून नुकताच गेलाय: तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, विवाह अधिकारी. त्या कायद्याचं बारावं कलम मला फार आवडतं. लग्न कुठल्याही पद्धतीनं करा म्हणतं, पण अधिकारी आणि साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना, दोघांना कळेल अशा भाषेत, ‘मी तुझा स्वीकार करतो’, ‘मी तुझा स्वीकार करते’ अशा अर्थाचं वाक्य म्हणेपर्यंत ते लग्न पुरं होत नाही. लग्न लावणारे ते दोघंच, आणि त्यांनी ते कचेरीत लावलंही आहे. आजी लग्न लावत नाहीत, लागलेल्या लग्नाला बरकत मागतात. हे एकदा कळलं की आवाजातला अधिकार आपोआप उतरतो.

आणि ठणकावून सांगण्यासारखं काही असेलच, तर तेही त्या दोघांच्या तोंडी शोभतं. सत्यशोधक समाजाचं पहिलं लग्न २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात भटजीविना लागलं. जोतीराव फुल्यांनी नवी मंगलाष्टकं रचली ती वधूवरांच्या तोंडी घातली. वधू स्त्रियांच्या हक्कांचं बोलते, वराकडून शपथ मागते, आणि वर ती देतो. बोलणारे तेच, बांधले जाणारेही तेच. दादा-वहिनीला काही वचनं द्यायची असतील तर त्यांनी स्वतः लिहावीत आणि आजींच्या आधी म्हणावीत. वडीलधाऱ्यानं माइकवरून वचनं वाटायची नसतात.

यावर आमच्याच चळवळीतली मंडळी माझ्यावर रुसतात. म्हणतात, बाई, एवढी माणसं समोर बसलेली असताना तुम्ही हुंडा, जात, कर्मकांड यावर काहीच बोलत नाही? नाही बोलत. सत्यनारायणाच्या पोथीऐवजी समतेची पोथी वाचली तरी ऐकणारा जांभईच देतो, आणि नवरीच्या पायाला तेवढीच रग लागते. अनेक लग्नांत बोलून झाल्यावर मी हट्टानं या मताला आले आहे. कुणाला तो भित्रेपणा वाटतो तर वाटो. मांडवात काय बोललो यापेक्षा मांडवात कोण बोललं, यानं जास्त फरक पडतो.

म्हणून तुझ्या तिसऱ्या पानाचा मला सगळ्यात जास्त राग आला. ‘आज एक विधवा स्त्री आशीर्वाद देत आहे, ही क्रांतीच होय.’ काट ते! माझ्या लग्नात माझी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बाबा आदल्या वर्षी गेले होते. तिच्या मुठीत अक्षता होत्या, पण पुढे यायची तिला मुभा नव्हती. अंतरपाटाच्या कडेनं मला तिचं लुगडं तेवढं दिसत होतं. हे शल्य माझ्याबरोबरच जाईल. पण कुणी तिला पुढे बोलावून ‘ही बघा विधवा’ म्हणालं असतं, तर ती परत दारातच गेली असती. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. तो गावसभेत करायचा ठराव होता आणि तिथे केला ते उत्तमच झालं. मांडवात ठराव वाचायचा नसतो. आजी पुढे येतील, बोलतील, शेजारी वहिनीची आई उभी असेल, तिचाही नवरा नाही. ज्याला दिसायचं त्याला दिसेल. तिथे ‘अखंड सौभाग्यवती भव’ मात्र चुकूनही येऊ देऊ नकोस. जन्मभर ऐकलेलं असल्यानं ते आजींच्या जिभेवर आपोआप येईल, म्हणून तालमीतच सांगून ठेव.

तुझ्या चार ओळी ठेवून, थोडं माझं घालून, हे असं झालं:

‘बाळांनो, तुम्ही एकमेकांची निवड केलीत. तुमच्या आनंदात सामील व्हायला आम्ही सगळे आलो आहोत.

ज्यांनी ज्यांनी तुम्हाला वाढवलं, त्यांची माया तुमच्या घरात राहो. आज जे इथे नाहीत, त्यांचीही राहो.

घरात पोटभर जेवण असो, आणि जेवताना बोलायला वेळ असो. भांडणं होतील, ती लवकर विसरली जावोत. तुमचं दार आल्यागेल्याला उघडं असो, आणि दोघंच असावंसं वाटेल तेव्हा ते लावून घ्यायची मोकळीक असो.

तुम्हाला हवं आहे तसं आयुष्य तुम्हाला लाभो.

हे मी माझ्या विठ्ठलाजवळ मागते. तुम्ही सगळे आपापल्या मनात मागा, आणि बसल्या जागेवरून माझ्याबरोबर म्हणा: सुखी राहा!’

आजींच्या संथ चालीत, थांबत थांबत, हे दीड मिनिटाच्या आत होतं. ‘ज्यांनी ज्यांनी वाढवलं’ म्हणजे वहिनीची एकटी आई आली, दादाला कॉलेजसाठी ठेवून घेणारे काकाही आले, आणि ‘आईवडील’ म्हणताना कुणाच्या पोटात कळ आली नाही. गेलेल्यांची नावं मुद्दाम घातलेली नाहीत. नाव घेतलं की आजींचा कंठ दाटेल आणि पुढचं वाचताच येणार नाही. ‘बसल्या जागेवरून’ हे गुडघे धरून बसलेल्यांसाठी आहे, उभं राहता येत नाही म्हणून कुणी ओशाळायला नको.

शेवटचं ‘सुखी राहा’ पाहुण्यांच्या तोंडी आहे, ते माझ्या लबाडीमुळे. आजी कागद संपला म्हणून थांबणाऱ्यातल्या नाहीत. एकदा सगळ्यांचा आवाज उठला, अक्षता पडल्या, सनई सुरू झाली, की पुढे बोलायला जागाच उरत नाही. सनईवाल्याला हीच खूण दे. अक्षता आधीच वाटून ठेव, नाहीतर ऐन वेळी माणसं ताटाकडे धावतात आणि आजींचं अर्धं बोलणं त्या गडबडीत जातं.

आजींना त्यांची जात्यावरची ओवी म्हणायची आहे असं लिहिलंयस. जरूर म्हणू देत, पण मग मधला घर-जेवणाचा परिच्छेद काढ. दोन्ही नको. ओवीत ‘लेकी, सासरी नीट वाग’ असं काही निघालं तर दुसरी ओवी विचार, त्यांना पुष्कळ येत असतील. दादाच्या लहानपणीचे किस्से जेवणाच्या पंगतीत सांगू देत, तिथे ते रंगतीलही.

कागद जाड घे, मोबाइल देऊ नकोस. तो नेमका त्याच वेळी काळा पडतो. अक्षर बोटाच्या पेराएवढं, एकाच बाजूला, जिथे श्वास घ्यायचा तिथे नवी ओळ. घरी त्यांना उभं राहून, चष्मा लावून, मोठ्यानं दोनदा वाचायला लाव. जिथे अडखळतील तिथे शब्द बदल, त्यांना बदलायला लावू नकोस. ‘निवड केलीत’ जड गेलं तर ‘तुम्ही एकमेकांना पसंत केलंत’ घाल. माइक त्यांच्या हातात देऊ नकोस, एका हातात कागद आणि दुसऱ्यात काठी असणार. माइक तू धर, हनुवटीच्या जरा खाली. आणि फोटोग्राफरला आधीच दम दे, दीड मिनिट त्यानं आजी आणि नवरानवरी यांच्या मध्ये यायचं नाही.

तालीम झाली की किती वेळ लागला ते कळव. दोन मिनिटांच्या वर गेलं तर आपण अजून कापू.

तुझी,
बाई