मोटार थांबत नाही? आधी तीन वायर जोडून बघा

बोअरचं पाणी असेल तर टाकी भरली की मोटार बंद करणारा कंट्रोलर बदलायची घाई करू नका. निपाणी काय, बेळगाव काय, जिथं बोअरचं पाणी जड तिथं टाकीतलं पाणी ओळखणाऱ्या प्रोबवर पांढरा थर बसतो, आणि बिघाड बहुतेक वर टाकीतच सापडतो.

तीन प्रोब असतात: कॉमन, खालचा आणि वरचा. टाकी भरली की पाण्यातून कॉमन आणि वरचा जोडले जातात, तेव्हा मोटार थांबते. वरच्यावर क्षार चढला किंवा जोड गंजून तुटला, तर टाकी वाहिली तरी कंट्रोलरला कळत नाही.

मेन बंद करा. प्रोबच्या तिन्ही वायर कंट्रोलरवरून सोडवा आणि त्या तीन टर्मिनलांना तारेच्या तुकड्यानं एकत्र जोडून मेन चालू करा. कंट्रोलरला आता टाकी भरलेली वाटते. मोटार बंद राहिली, तर दोष वर आहे: प्रोब पॉलिश पेपरनं घासा, जोड नव्यानं करा. भरल्याचा दिवा लागूनही मोटार चालतेय, तर कंट्रोलरमधल्या, मोटार चालू-बंद करणाऱ्या रिलेचे पॉइंट चिकटलेत. सुरू होताना मोटार कितीतरी पट करंट ओढते, म्हणून मोठ्या मोटारीला मध्ये जास्त करंट पेलणारा कॉन्टॅक्टर हवाच.

मोटार सुरूच होत नसेल तर उलट करा: पुन्हा मेन बंद करून, प्रोबच्या वायर सुट्याच ठेवून, जोडलेली तार काढा आणि मेन चालू करा. सुरू झाली, तर वर शेवाळ किंवा ओल प्रोब जोडतेय. नाही झाली, तर खालच्या हौदातला फ्लोट अडकलाय का बघा. तो ‘पाणी नाही’ सांगत असेल तर कंट्रोलर मोटार लावणारच नाही.