नफा आहे, पण पैसे कुठे आहेत?

ताई, घरगुती गिऱ्हाइकांच्या रोख पैशांवर तुझा मसाल्यांचा धंदा फिरतोय, तो तसाच फिरू दे. महापेच्या कँटीनची 2 लाखांची महिन्याची ऑर्डर मात्र जपून घे. माल बनवायला 1 लाख 40 हजार लागणार. बिल महिनाअखेरीला, पैसे त्यानंतर 60 दिवसांनी. म्हणजे पहिला चेक येईपर्यंत तीन महिन्यांचा माल गेलेला, 4 लाख 20 हजार अडकलेले. तुझी बचत दीड लाख! कागदावर नफा, आणि मिरची घ्यायला पैसे नाहीत. (अशाच उधारीच्या ऑर्डरमध्ये मी मुलाच्या फीचे पैसे घातले होते.)

चौथा हिस्साच घे, तेवढं तुझ्या बचतीत बसतं. निम्मा अ‍ॅडव्हान्स माग, वाशीच्या व्यापाऱ्याकडून पंधरा दिवसांची उधारी मिळते का बघ. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आधीच कर; अशा नोंदलेल्या उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या पुढे थकवता येत नाहीत, असा कायदा आहे. पूर्ण ऑर्डर हवीच असेल, तर स्वतःच्या पैशांवर नाही होणार, बँकेत कॅश क्रेडिटचं, म्हणजे लागेल तसं उचलायच्या कर्जाचं विचार.