हरल्यावर उठता का येत नाही?

“शनिवारी मित्रांकडे रमी खेळतो. पैसे जायला लागले की उठताच येत नाही. एवढे गेले, आता उठलो तर कायमचे गेले, असे वाटते आणि मग मी कसाही खेळतो. हे थांबवायचे कसे?”

हे विचारणारे गृहस्थ हिशेबनीस आहेत. ओळख पटू नये म्हणून त्यांचे बाकीचे तपशील येथे बदलले आहेत. त्यांच्या कंपूत पॉइंटला दोन रुपये असा दर होता. पहिल्याच फेरीत डाव सोडला, म्हणजे ड्रॉप केला, तर 20 पॉइंट; मध्ये सोडला तर 40; आणि आपला शुद्ध सिक्वेन्स, म्हणजे एकाच चिन्हाची, जोकरशिवाय ओळीने जुळलेली किमान तीन पाने, लागण्याआधीच समोरच्याने डाव दाखवला, तर सगळी पाने मोजली जाऊन जास्तीत जास्त 80, म्हणजे फुल काउंट. रुपयांत हे अनुक्रमे 40, 80 आणि 160 होतात.

मी त्यांना प्रत्येक डावाची एक ओळ वहीत लिहायला सांगितली: हाती आलेल्या तेरा पानांत शुद्ध सिक्वेन्स किंवा जोकर होता का, डाव सोडला की खेळला, आणि तोपर्यंत किती गेले. काही शनिवारांनंतर वहीच बोलू लागली. संध्याकाळच्या सुरुवातीला, जोकर नाही आणि सिक्वेन्सही जुळत नाही अशी पाने ते निमूटपणे सोडून देत; हजार-दीड हजार गेल्यानंतर मात्र तसलीच पाने त्यांनी एकदाही सोडली नव्हती. पाने लावायच्या आधीच ते पान टाकत, समोरचा काय उचलतो याकडे त्यांचे लक्ष नसे, आणि रात्री उशिरा दर पाच रुपये करण्याचा आग्रह बहुतेक वेळा त्यांचाच असे. त्या दराने फुल काउंट 400 रुपयांना पडतो. पत्ते खेळणारे याला ‘टिल्ट’ म्हणतात. आपण डोके फिरणे म्हणतो.

एका डावापुढे आम्ही बराच वेळ थांबलो. पहिल्या फेरीत त्यांनी डाव सोडला नव्हता, तीन-चार पाने उचलूनही काही जुळले नव्हते, आणि तरीही ते खेळत राहिले. कारण विचारल्यावर ते म्हणाले, “वीसमध्ये सुटलो असतो, आता चाळीस कशाला देऊ?” पण वीसची संधी केव्हाच गेली होती. त्या क्षणी निवड होती ती नक्की जाणारे 40 आणि बहुधा जाणारे 80 यांच्यात. शुद्ध सिक्वेन्सला एकच पान कमी असते आणि ते येण्यासारखे असते, तर खेळणे योग्यही ठरले असते. ते हातातल्या पानांवरून ठरायला हवे होते, हुकलेल्या वीसवरून नव्हे. रात्रभराच्या तोट्याबाबत ते हीच चूक मोठ्या प्रमाणावर करत होते.

कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 च्या निबंधात नोंदवले आहे की, ज्याने आपला तोटा मनाने स्वीकारलेला नाही, तो एरवी नाकारला असता असा जुगारही पत्करण्याची शक्यता असते. म्हणून पहिला उपाय पत्त्यांच्या टेबलावर नव्हे, घरी केला. गेल्या दिवाळीपासून गेलेली रक्कम त्यांनी पत्नीला सांगितली आणि घरखर्चाच्या वहीत खर्च म्हणून लिहून टाकली. माझ्या मते सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगी पाऊल हेच होते, कारण खर्ची पडलेली रक्कम वसूल करायची उरत नाही.

टेबलावरचे नियम बसण्याआधीच आणि मित्रांदेखत ठरवले. त्या रात्री दर वाढवायचा नाही. ठरलेली रोख रक्कम पाकिटात न्यायची, फोन घरी ठेवायचा आणि हिशेब प्रत्येक डावाला चुकता करायचा, कारण शेवटी यूपीआयने देऊ म्हटले की तोटा नुसता कागदावरचा आकडा राहतो. लागोपाठ दोन फुल काउंट बसले, तर पुढचा डाव बाहेर बसून काढायचा, परतल्यावर पाने हातात घेऊन स्वतःला विचारायचे, “मी आत्ताच आलो असतो आणि माझे काहीच गेले नसते, तर ही पाने खेळलो असतो का?”

लवकरच एका रात्री पाकीट रिकामे झाले आणि त्यांनी शेजारच्या मित्राकडून तीन हजार उसने घेतले. डोके फिरल्यावर माणूस स्वतःचा नियम मोडतो, हे गृहीतच धरावे लागते. म्हणून मग कोणीही त्यांना उसने द्यायचे नाही, असे त्यांनी स्वतःच कंपूला सांगितले. दुसऱ्याच्या हाती सोपवलेला हा नियम टिकला आणि काही आठवड्यांनी वहीत उशिरा रात्रीचे ड्रॉपही दिसू लागले.

हे उपाय ज्याला अजून थांबता येते त्याच्यासाठी आहेत. घरी खोटे सांगणे, कर्ज काढून खेळणे किंवा दागिने मोडणे सुरू झाले असेल, तर रकमेची मर्यादा घालून भागत नाही. खेळ पूर्ण बंद करून उपचार घ्यावे लागतात. त्यासाठी सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा विनामूल्य क्रमांक आहे.