वीर्यतपासणीच्या तक्त्यात ‘सामान्य मूल्य’ लिहावं का?

प्रश्न : ‘मी गुहागरकडच्या एका दवाखान्यात काम करते. चिपळूणहून सीमेन ॲनालिसिसचे रिपोर्ट येतात आणि पेशंटला त्यातलं काही कळत नाही. म्हणून मराठीत एक तक्ता करतेय. व्हॉल्यूम, काउंट, मोटिलिटी, मॉर्फॉलॉजी यांना शब्द कोणते घ्यावेत? आणि शेवटच्या रकान्याला “सामान्य मूल्य” म्हटलं तर चालेल का?’

शेवटच्या रकान्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच होतो. ‘सामान्य मूल्य’ लिहू नका. लिहायचंच तर ‘संदर्भाची खालची मर्यादा’ असं लिहा आणि पुढे वर्ष घाला. जागतिक आरोग्य संघटनेने हे आकडे काढले ते ज्यांच्या बायकांना वर्षभराच्या आत दिवस गेले अशा पुरुषांच्या नमुन्यांवरून. त्या सगळ्यांना चढत्या क्रमाने उभं केलं आणि तळाचे पाच टक्के जिथे संपतात तिथे रेघ मारली. म्हणजे त्या रेघेखालचेसुद्धा बाप झालेलेच होते. ‘सामान्य’ म्हटलं की वाचणारा लगेच उलटा अर्थ लावतो : माझा आकडा खाली, म्हणजे मी असामान्य. रेघेच्या वर असला तर मूल होणारच, असंही नाही. ‘मर्यादा’ या शब्दात हा निकाल येत नाही.

वर्ष का, तर हे आकडे संघटनेच्या पुस्तिकेच्या आवृत्तीगणिक हललेत. 1999 साली दर मिलिलिटरला 20 दशलक्ष शुक्राणू ही मर्यादा होती, 2010 साली 15 झाली आणि 2021 साली 16. छापील फॉर्म मात्र संपेपर्यंत वापरले जातात, त्यामुळे दोन लॅबच्या रिपोर्टांवर दोन वेगळ्या मर्यादा दिसतात आणि पेशंटला वाटतं आपली तब्येतच बदलली.

आता काउंट. बोलताना सगळे ‘काउंट’च म्हणतात आणि त्याला हरकत नाही, पण तक्त्यात त्याच्या दोन ओळी करा. दर मिलिलिटरमागे किती ती ‘दाटी’, आणि पूर्ण नमुन्यात किती ती ‘एकूण संख्या’. दाटीला वीर्याच्या मोजमापाने, म्हणजे ते किती मिलिलिटर आलं त्याने, गुणलं की एकूण संख्या येते. रिपोर्टवर पुष्कळदा फक्त दाटीच ठळक छापतात. दुसरा धोका मिलियनचा. मराठीत उतरवताना ‘15 मिलियन’चे सर्रास ‘15 लाख’ होतात, म्हणजे आकडा थेट दहा पटींनी घसरतो. एक दशलक्ष म्हणजे दहा लाख, तेव्हा 15 मिलियन म्हणजे दीड कोटी. आपल्या लोकांना ‘दशलक्ष’ डोळ्यासमोर येत नाही, तर सरळ कोटी-लाखात लिहा.

व्हॉल्यूमला ‘वीर्याचं मोजमाप’ पुरे. इथे एक स्पष्ट करा की वीर्य आणि शुक्राणू या दोन गोष्टी आहेत. ‘धातू भरपूर आहे, मग काउंट कमी कसा?’ हा प्रश्न मी रत्नागिरीत लॅबच्या काउंटरवर बसत होतो तेव्हा नेहमीचा होता. वीर्याचा बहुतेक भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा स्राव असतो. म्हणून नसबंदीनंतरही मोजमापात सहसा जाणवण्यासारखा फरक पडत नाही.

मोटिलिटीला ‘गतिशीलता’ हा शब्द बरोबर आहे, पण दवाखान्यात ‘हालचाल’ जास्त कळते. तिचे तीन भाग पाडा : पुढे सरकणारे, जागच्या जागी हलणारे, न हलणारे. शेवटच्याला ‘मेलेले’ म्हणू नका. न हलणारा शुक्राणू जिवंतही असू शकतो. जिवंत-मृत ठरवायला रंग घालून करायची तपासणी वेगळी असते.

मॉर्फॉलॉजीला लोक ‘आकार’ म्हणतात. मराठीत आकार म्हणजे लहान-मोठेपणाही, आणि इथे प्रश्न नुसता तेवढा नाही. डोकं, मान, शेपूट यांची ठेवण बघायची असते. मला ‘घडण’ बरा वाटतो. ओळ लिहावी ‘नीट घडणीचे’, आणि ‘विकृत 95 टक्के’ असं उलटं कधीच लिहू नये. कसोटीच इतकी कडक आहे की 4 टक्के नीट घडणीचे असले तरी मर्यादा गाठली जाते. ‘विकृत’ वाचून जोडपी होणारं मूल व्यंग घेऊन येईल का, अशी चिंता करत बसतात. तसा अर्थ त्या आकड्यातून निघत नाही.

एक रिपोर्ट घेऊन तक्ता भरू. आकडे नमुन्यादाखल आहेत.

| काय पाहिलं | आलेला आकडा | खालची मर्यादा, 2021 |
|---|---|---|
| वीर्याचं मोजमाप | 3.2 मिलिलिटर | 1.4 मिलिलिटर |
| दाटी, दर मिलिलिटर | 1 कोटी 40 लाख | 1 कोटी 60 लाख |
| एकूण संख्या | 4 कोटी 48 लाख | 3 कोटी 90 लाख |
| पुढे सरकणारे | 31 टक्के | 30 टक्के |
| हलणारे, सगळे मिळून | 43 टक्के | 42 टक्के |
| नीट घडणीचे | 5 टक्के | 4 टक्के |

लॅबने 2010चा फॉर्म वापरला असेल तर पुढे सरकणाऱ्यांची मर्यादा 32 आहे आणि 31 हा आकडा लाल शाईत येईल. 2021च्या मर्यादेत तो बसतो. दाटी दोन्हींत खाली आहे, पण मोजमाप चांगलं असल्याने एकूण संख्या मर्यादेच्या वर जाते. नुसती दाटीची ओळ असलेला कागद घेऊन हाच माणूस ‘काउंट कमी’ म्हणत घरी गेला असता. आता डॉक्टरांना विचारण्यासारखा नेमका प्रश्न त्याच्या हातात आहे.

तक्त्याच्या डोक्यावर मात्र चार गोष्टी लिहायला जागा ठेवा, कारण त्यांच्याशिवाय खालचे आकडे लंगडे आहेत. संबंधाला किती दिवस खंड होता ते लिहा. दोन ते सात दिवसांचा खंड धरलेला असतो. नमुना पूर्ण डबीत आला की काही सांडलं, हेही विचारा. सुरुवातीच्या भागात शुक्राणू सगळ्यात जास्त असतात, तो भाग सांडला तर मोजमाप, दाटी आणि संख्या तिन्ही पडतात. लाजेपोटी लोक हे सांगत नाहीत, म्हणून तक्त्यात छापील प्रश्नच असावा.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि तुमच्या भागात ती फार महत्त्वाची आहे. नमुना घेतल्यापासून तासाच्या आत हालचाल तपासायला हवी आणि तोवर तो थंड पडता कामा नये. वेळणेश्वरला घरी घेतलेली डबी एसटीने चिपळूणला पोचेपर्यंत तास केव्हाच उलटतो. मग ‘पुढे सरकणारे 12 टक्के’ आले तर दोष माणसाचा की रस्त्याचा, हे कागदावरून कळणारच नाही. ‘घेतल्याची वेळ’ आणि ‘तपासल्याची वेळ’ असे दोन वेगळे रकाने केले की ते दिसतं. शक्य असेल तर नमुना लॅबमध्येच द्यायला सांगा.

चौथी नोंद तापाची : ‘गेल्या तीन महिन्यांत मोठा ताप आला होता का?’ शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. लावणीच्या दिवसांत डेंगी किंवा लेप्टोने अंथरूण धरलेल्याचा परिणाम गणपतीत केलेल्या रिपोर्टमध्ये उतरू शकतो. अशा वेळी आणि एकूणच पहिला रिपोर्ट मर्यादेखाली असला की डॉक्टर दुसरा नमुना मागवतात. म्हणून तक्त्यात आलेल्या आकड्याचे रकाने सुरुवातीपासून दोन ठेवा, ‘पहिला नमुना’ आणि ‘दुसरा नमुना’, दोन्ही तारखेसह.