बावीसातून तीन

“ताई, मी २५ वर्षांची, हिशेब विभागात नोकरी करते. आवडी, बलस्थानं आणि मूल्यं अशा तीन याद्या केल्या. आवडी: वाचन, मानसशास्त्र, प्रवास. बलस्थानं: मेहनती, प्रामाणिक. मूल्यं: पगार, स्थैर्य, मोकळा वेळ, मान, स्वातंत्र्य, शिकायला मिळणं. त्यातून २२ पर्याय निघाले! सध्याच्या कामात मला दोनच गोष्टी आवडतात, न जुळणारी नोंद शोधून काढणं आणि नव्या मुलांना काम समजावणं. तीन पर्याय कसे निवडू?
– गोंधळलेली”

अगं, त्या दोन गोष्टी यादीत का नाही लिहिल्यास? खरा ऐवज तिथेच आहे. ‘मानसशास्त्र’ हा विषय झाला. नोकरीत दिवसभर आपण काहीतरी करत असतो. म्हणून आवडी क्रियापदांत लिही: शोधणं, समजावणं, जुळवणं. ‘प्रवास’ सुट्टीसाठी राहू दे.

‘मेहनती’ कोणत्याही कामाला चालतं, म्हणून त्याने निवड होत नाही. त्याऐवजी लोक कशासाठी आपणहून तुझ्याकडे येतात ते आठव आणि प्रत्येक बलस्थानासमोर घडलेला एक प्रसंग लिही. प्रसंग आठवला नाही, तर ते खोड.

मूल्यांवर मात्र सावकाश बस, कारण तू अडकली आहेस ती इथेच. सहाही हवीशी वाटणारच, म्हणून त्यांच्या जोड्या लाव. सहांच्या १५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीतलं एकच ठेवायचं, आणि प्रश्न रोखठोक विचारायचा: पगार वाढतोय, पण रोज रात्री नऊला घरी, चालेल? सगळी उत्तरं झटपट आली, तर प्रश्न गुळमुळीत होते असं समज. आईबाबा शेजारी असते तर उत्तर बदललं असतं का, हेही तपास.

आता तिन्ही याद्यांची बेरीज करू नकोस. आवड आणि बलस्थान जिथे एकत्र येतात तिथून पर्याय काढ आणि जोड्यांमध्ये सगळ्यात जास्त वेळा टिकलेल्या दोन मूल्यांच्या चाळणीतून गाळ. तुझ्या शोधण्या-समजावण्यातून मला चार दिसतात: अंतर्गत लेखापरीक्षण, आर्थिक गैरव्यवहारांचा तपास, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं प्रशिक्षण आणि वाणिज्य शिकवणं. असं धर की स्थैर्य आणि मोकळा वेळ ही दोन मूल्यं वर आली. तपासाच्या कामात प्रकरण तापलं की वेळेचं गणित कोलमडतं, म्हणून ते गळेल. उरलेले तीन एकमेकांपासून पुरेसे वेगळे आहेत, हे चांगलं. तिन्ही एकाच छापाचे असते, तर तुलना करायला काही उरलं नसतं.

पगार, लागणारं शिक्षण, जागा किती निघतात, यातलं काही हा कागद सांगणार नाही. तिन्ही क्षेत्रांतल्या एकेका व्यक्तीला गाठ. “काम कसं वाटतं?” असं विचारू नकोस, त्यावर ठरावीक उत्तर येतं. “मागच्या मंगळवारी सकाळपासून काय काय केलंत?” असं विचार आणि त्यात तुझी क्रियापदं किती वेळा येतात ते मोज.