थर्मोक्लाइन आणि सोनारचा पल्ला

प्रश्न: पाणबुडी जवळ असूनही वरच्या जहाजाच्या सोनारला, म्हणजे आवाजाने शोध घेणाऱ्या यंत्राला, ती सापडत नाही, असं का होतं? थर्मोक्लाइनचा, म्हणजे खोलीबरोबर पाणी झपाट्याने थंड होत जाणाऱ्या थराचा, यात काय संबंध?

उत्तर: कारण पाण्यात आवाज सरळ जात नाही, जिथे त्याचा वेग कमी, त्या बाजूला तो वळतो, आणि थर्मोक्लाइनमध्ये ती बाजू खालची असते. समुद्रात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण १५०० मीटर असतो. पाणी १ अंशाने थंड झालं की तो अडीच-तीन मीटरने घटतो, पण १०० मीटर खोल गेल्यावर दाबामुळे जेमतेम १.७ मीटरने वाढतो. समजा, वरचे ५० मीटर लाटांनी घुसळलेलं, एकसारखं २८ अंशांचं पाणी आहे आणि १५० मीटरवर तापमान १८ अंश आहे. वरच्या थरात फक्त दाबाचा परिणाम उरतो, त्यामुळे आवाज किंचित वर वळतो, पृष्ठभागावर आपटत दूरवर जातो. थर्मोक्लाइनमध्ये मात्र वेग सुमारे २५ मीटरने घटतो आणि तिथे शिरलेला आवाज झपाट्याने खाली वाकतो. या दोन वाटांच्या मधे आवाज जवळपास न पोहोचणारं छायाक्षेत्र तयार होतं. पाणबुडी तिथेच दडते.

अमेरिकी नौदलाला १९३०च्या दशकात हे वेगळ्याच रूपात भेटलं: सकाळी चांगलं चालणारं सोनार दुपारी निकामी व्हायचं. उन्हाने वरचं पाणी एक-दोन अंशांनी तापलं की आवाज वरूनच खाली वळायचा आणि घुसळलेल्या थराचा फायदाच जायचा. सोनारचे चालक उगाच बोलणी खायचे!

अर्थात छायाक्षेत्र पूर्ण मुकं नसतं. कमी वारंवारितेचा आवाज तिथे काही प्रमाणात झिरपतो, आणि जहाजाने केबलला बांधून सोनार थर्मोक्लाइनखाली सोडलं तर ही आडोशाची जागा बरीचशी संपते.