गुंठ्याचा भाव, फुटाचा भाव आणि तीन गुंठ्यांचा मोह

प्रश्न: सोलापुरात राहतो, जवळ 20 लाख आहेत. होटगी रस्त्याला बिगर एनए तीन गुंठे मिळताहेत, गुंठ्याला 6 लाख, म्हणजे 18 लाख. जागेवर दगड 30 बाय 90 वर रोवलेत. कुंभारीकडे एनए ले-आउटमध्ये 30 बाय 80 चा प्लॉट आहे, 750 रुपये फूट, तोही 18 लाखच. त्याच्या कागदावर मात्र 209 चौ.मी. लिहिलंय. तीन गुंठे म्हणजे जास्त जागा. मग तोच घ्यावा ना?

उत्तर: आज तरी नको. तुमच्यासमोर दोन भाव आहेत, पण ते दोन वेगळ्या मापांतले आहेत आणि दोन्हीकडे बोललेलं माप प्रत्यक्षात भरत नाही. आधी दोन्ही जागा चौरस फुटांत आणू, मग कुठली स्वस्त ते बोलू.

एक गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, म्हणजे 1,089 चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर, 43,560 चौरस फुटांचा. तुमचे तीन गुंठे पूर्ण असते तर 3,267 चौरस फूट झाले असते आणि फुटाला 551 रुपये पडले असते. पण दगड 30 बाय 90 वर आहेत, म्हणजे ताब्यात येणार 2,700 चौरस फूट. अठरा लाख भागिले 2,700 म्हणजे फुटाला 667 रुपये. मधले 567 फूट, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून जास्त जागा, कुठे गेली हे विक्रेत्याला थेट विचारा. बहुतेक वेळा उत्तर असं येतं की रस्ता त्यातच धरलाय. काही ठिकाणी गुंठा हजार फुटांचाच मोजतात, पण त्या हिशेबानंही तीन हजार व्हायला हवेत. रस्त्याची जागा तुमच्या पैशांत धरायची असेल तर तो रस्ता तुमच्या खरेदीखतात वहिवाटीच्या हक्कासह लिहिला गेला पाहिजे. तसं नसेल तर जी जागा तुमच्या नावावर येणार नाही तिचेही पैसे तुम्ही देताय.

आता कुंभारीचा प्लॉट. एक चौरस मीटर म्हणजे 10.764 चौरस फूट. 209 ला त्यानं गुणलं की जवळजवळ 2,250 चौरस फूट येतात, 2,400 नाही. ही 30 बाय 75 ची जागा झाली. लांबीचे पाच फूट कागदावर नाहीतच. 18 लाखांना 2,250 नं भागा: खरा भाव फुटाला 800 रुपये. विक्रेता 750 च्या भावावर ठाम असेल तर किंमत 16,87,500 रुपये व्हायला हवी. एक लाख 12 हजार 500 रुपयांचा हा फरक घासाघीस करून मागायची सवलत नाही, कागदावरच्या क्षेत्रावरून निघणारा हिशेब आहे. मंजूर ले-आउटच्या नकाशाची प्रत आणा, त्यावर प्लॉटच्या बाजू मीटरमध्ये असतात. 9.14 बाय 22.86 असं असेल तर वाद मिटला.

सातबारा वाचताना वेगळीच चूक होते. त्यावर एकर-गुंठे नसतात, क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असतं. 1.21.40 म्हणजे 1 हेक्टर 21 आर 40 चौ.मी., म्हणजेच बरोबर तीन एकर. आर म्हणजे 100 चौरस मीटर, 1,076 चौरस फूट. गुंठ्याच्या तो इतका जवळ आहे की बोलताना लोक आरलाच गुंठा म्हणतात. तीन आर आणि तीन गुंठे यांत फरक 38 फुटांचा, तो सोडून देता येईल. पण चाळीस आरला एकर समजून पैसे दिले तर 504 फूट कमी येतात, जवळपास अर्धा गुंठा. याहून मोठा घोळ दशांशाचा. कुणी 0.25 वाचून पाव एकर समजतं, पण हेक्टरच्या रकान्यात ते 25 आर असतात. पाव एकर म्हणजे फक्त दहा गुंठे. आकडा कुठल्या रकान्यात आहे ते पाहिल्याशिवाय भागाकार करू नका. शिवाय सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जागा, वेगळा दाखवलेला असतो. शेतजमीन घेताना लागवडीयोग्य क्षेत्र आणि एकूण क्षेत्र यांतलं नेमकं कोणतं विकलं जातंय, हे लिहून घ्या.

फुटाचा भाव एक करून पाहिला तर होटगी रस्ता 667 आणि कुंभारी 800. म्हणजे अजूनही पहिला स्वस्त दिसतो. तरी मी तो घ्या असं म्हणणार नाही, कारण हा फरक जमिनीच्या जातीचा आहे. गुंठ्यानं भाव सांगितलेली जागा बहुधा बिगर एनए असते आणि फुटानं सांगितलेली बहुधा ले-आउटमधली. तुकडेबंदी कायद्याखाली 2023 च्या अधिसूचनेनं किमान क्षेत्र जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे ठरवलं आहे. तीन गुंठे त्याहून बरेच कमी, म्हणून शेतजमिनीच्या अशा तुकड्याची स्वतंत्र खरेदी अडते. जागा महापालिका हद्दीत किंवा विकास आराखड्यातल्या रहिवासी क्षेत्रात असेल तर 2025 च्या दुरुस्तीनंतर चित्र वेगळं असू शकतं, म्हणून झोन दाखला आणि सध्याचा सातबारा घेऊन वकिलाला दाखवा. सामाईक सातबाऱ्यावर नुसतं नाव चढवून देतो, असं कुणी म्हणत असेल तर तिथेच थांबा. तुमचे दगड कुठेही रोवलेले असोत, कागदावर तुमचा असतो तो एक हिस्सा, जागेवरचा ठरावीक तुकडा नाही. उद्या बांधकाम परवानगी किंवा बँकेचं कर्ज मागायला गेलात की हेच अडतं.

त्यामुळे कुंभारीचा प्लॉट 16,87,500 च्या आसपास मिळत असेल आणि एनए आदेश व मंजूर नकाशा जुळत असेल तर तो घ्यावा, असं माझं मत आहे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीसाठी साधारण सव्वा लाख बाजूला ठेवा. शुल्क मात्र तुमची किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागतं. ते बाजारमूल्य चौरस मीटरवर लिहिलेलं असतं. तुमचे 750 रुपये फूट म्हणजे चौरस मीटरला साधारण 8,073 रुपये, त्याच आकड्याशी ताडून पाहा. सरकारी दर याहून जास्त निघाला तर खर्च वाढेल, पण तुमच्या 20 लाखांत त्याला जागा उरते.

इसार देण्याआधी जागेवर 30 मीटरची टेप घेऊन जा. फक्त बाजू मोजून भागत नाही, दोन्ही कर्ण मोजा. 30 बाय 75 चा काटकोनी प्लॉट असेल तर दोन्ही कर्ण 80 फूट 9 इंच यायला हवेत. ते एकमेकांशी जुळले नाहीत तर प्लॉट तिरका आहे, मग समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करू नका. त्या रीतीनं क्षेत्र नेहमी फुगून येतं. एका कर्णानं दोन त्रिकोण करा आणि दोघांचं क्षेत्र बेरजेला घ्या. हद्दीबद्दल शंका उरली तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करायला विक्रेत्याला सांगा आणि ‘क’ प्रत हाती आल्यावरच पुढे जा.

खरेदीखतात क्षेत्र आधी चौरस मीटरमध्ये, मग चौरस फुटांत, आणि चारही बाजूंची लांबी व चतुःसीमा लिहून घ्या. ‘सुमारे तीन गुंठे’ किंवा ‘अंदाजे 2,400 फूट’ असे शब्द मसुद्यात दिसले तर सही करण्याआधी ते काढायला लावा.